फ्लशचं पाणी थांबत नाही? सरसकट बॉलकॉक बदलायची चूक टाळा

रात्री अडीचच्या सुमारास संडासातून सूंऽऽ असा आवाज यायचा आणि अर्ध्या मिनिटात थांबायचा. कुणीच फ्लश केलेला नसायचा. पुण्यातल्या धायरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हे महिनाभर चाललं. प्लंबरने टाकीचं झाकण उघडलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "काका, बॉलकॉक गेलाय." नवा बसवला. तिसऱ्या रात्री पुन्हा तोच आवाज.

चूक इथेच होते. आवाज करतो तो बॉलकॉक, म्हणून दोषही त्याचाच वाटतो. पण टाकीत दोन वेगळे व्हॉल्व्ह असतात. कडेचा बॉलकॉक पाणी आत घेतो, आणि पातळी पुरेशी वर आली की त्याचा फ्लोट त्याला बंद करतो. मधला उभा, डब्यासारखा फ्लश व्हॉल्व्ह पाणी कमोडात सोडतो. त्याच्या तळाशी रबरी वॉशर असतो आणि तो टाकीच्या भोकाच्या कडेवर दाबून बसतो. बटण दाबलं की डबा उचलला जातो. तो आतून पोकळ असल्यामुळे पाण्यात तरंगून वरच राहतो आणि पाणी उतरलं की आपल्या वजनाने खाली बसतो. मोठ्या बटणाने साधारण 6 लिटर पाणी जातं, छोट्याने 3. छोटं बटण दाबलं की डबा लवकर खाली यावा, अशी सोय आत केलेली असते. ती प्रत्येक कंपनीची वेगळी. या डब्याच्या मधली नळी म्हणजे ओव्हरफ्लो. पातळी फारच वर गेली, तर जादा पाणी तिच्यातून गुपचूप कमोडात उतरतं.

म्हणजे पाणी दोन वाटांनी वाया जातं: तळाच्या वॉशरखालून किंवा वरच्या नळीतून. कमोडात दिसणारी बारीक धार दोन्ही वेळा सारखीच, म्हणून नुसतं बघून निदान करू नका.

पेन्सिल घ्या. टाकी भरल्यावर तिला पाणी देणारा भिंतीवरचा अँगल कॉक बंद करा, पाण्याच्या पातळीवर आतल्या भिंतीला रेघ ओढा आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. पातळी रेघेखाली गेली तर वॉशर गळतोय. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाशी येऊन तिथेच थांबलं असेल, तर दोष बॉलकॉकचा.

आमच्याकडे पातळी 2 सेंटीमीटर उतरली. टाकी आतून सुमारे 35 बाय 12 सेंटीमीटर, म्हणजे वीस मिनिटांत 840 मिली, दिवसाला जवळपास 60 लिटर. थेंबाथेंबाने दहा मोठे फ्लश! पातळी थोडी उतरली की बॉलकॉक उघडून ती भरून काढायचा. रात्रीचा आवाज तो हाच, बिचारा आपलं काम करत होता.

मग कॉक बंद केला, फ्लश करून टाकी रिकामी केली आणि डबा पाव फेरी डावीकडे फिरवून वर काढला. बऱ्याच टाक्यांमध्ये तो असाच निघतो. वॉशर टेकतो त्या भोकाच्या कडेवर पांढरट, खरखरीत कडं जमलं होतं. आमच्या सोसायटीत धरणाच्या पाण्याबरोबर बोअरचं आणि टँकरचंही येतं, त्यातले क्षार नेमके या कडेवर बसतात. तिथे व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवलं आणि बोटाने पुसून घेतलं. सुरीने किंवा पॉलिश पेपरने खरवडू नका, एक बारीक चर पडली तरी नवा वॉशरसुद्धा गळेल. रबर कडक झालं असेल तर बदलाच, आणि जुना वॉशर सोबत घेऊन दुकानात जा. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हरतऱ्हेचे मिळतात, पण आतला-बाहेरचा व्यास जुळायला हवा, आणि अंदाजाने तो जुळत नाही.

टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या मी पूर्ण बंद केल्या. पाण्यात सतत असलेलं क्लोरीन रबराला खातं.

दोष बॉलकॉकचाच निघाला, तरी तो लगेच बदलू नका. आधी फ्लोट थोडा खाली घेऊन पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली सुमारे 2 सेंटीमीटरवर थांबतंय का बघा. थांबत नसेल तर कॉक बंद करून बॉलकॉकचं टोपण उघडा आणि आतलं रबर धुवा. पावसाळ्यात किंवा सोसायटीची टाकी साफ केल्यावर रेतीचा एखादा कणही त्याला नीट बसू देत नाही.

आणि झाकण उचलताच पाणी थांबलं, तर दोन्ही व्हॉल्व्ह ठीक आहेत. बटणाखालच्या दांड्या लांब झाल्यात आणि डब्याला पूर्ण खाली बसू देत नाहीत. दांडी फिरवून आखूड करा. बटण न दाबता तिच्यात 2-3 मिलिमीटर सैलपणा राहिला पाहिजे.