माती तीच, पण पीएच-ईसीचे आकडे दोन: पाण्याचं प्रमाण बघा आधी

पीक निघालं, रान मोकळं झालं की माती परीक्षणाचा सीझन सुरू होतो आणि दरवर्षी तीच तक्रार येते, एकाच रानाचा एकच नमुना दोन ठिकाणी दिला, एकाने पीएच ८.१ आणि ईसी ०.६२ दिला, दुसऱ्याने पीएच ८.४ आणि ईसी ०.३४, मग आता खरं कुणाचं धरायचं? तर बहुतेक वेळा दोघांचंही खरं असतं. पहिल्याने मातीच्या अडीचपट पाणी घातलेलं असतं (१:२.५) आणि दुसऱ्याने पाचपट (१:५), आणि रिपोर्टवर ते एकतर बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच.

आधी ईसीचं बघू कारण ते सोपं आहे. ईसी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे त्यातून वीज किती सहज जाते त्याचं माप. तेवढेच क्षार दुप्पट पाण्यात गेले तर आकडा साधारण निम्मा यायला हवा, म्हणजे वरच्या उदाहरणात ०.६२ चा ०.३१ यायला हवा होता, पण आला ०.३४. कारण मीठासारखे पटकन विरघळणारे क्षार थोड्या पाण्यातच सगळे विरघळून जातात, पण चुनखडी आणि जिप्सम तसे नाहीत, जास्त पाणी मिळालं की ते अजून थोडे विरघळतात आणि आकडा थोडा वर ढकलतात. जिप्सम असलेल्या रानात हे फारच फसवं आहे. नुसत्या जिप्समने तृप्त झालेल्या पाण्याचीच ईसी २.२ डेसीसायमन प्रति मीटरच्या आसपास असते, त्यामुळे जास्त पाण्यात केलेल्या टेस्टवरून हिशोब काढला तर रान आहे त्यापेक्षा जास्त खारट वाटतं.

पीएचचं गणित वेगळं. मातीच्या कणांवर हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम चिकटून बसलेले असतात, आणि पाण्यात क्षार जास्त असले की क्षारातला कॅल्शियम, पोटॅशियम, सोडियम त्यांची जागा घेतो, ते पाण्यात येतात आणि पीएच खाली येतो. आम्ल जमिनीत हे कारण मोठं. पाणी वाढवलं की क्षार पातळ होतात, ही ढकलाढकली कमी होते आणि पीएच चढतो. चुनखडीच्या आणि चोपण जमिनीत अजून एक गोष्ट होते, पातळ केल्यावर कार्बोनेट आणि सोडियममुळे पाणी जास्त विम्लधर्मी होतं, म्हणून तिथे चढ जास्त दिसतो. घट्ट लगद्यापासून १:५ पर्यंत गेलात तर काही दशांशांचा फरक सहज पडतो, चोपण जमिनीत त्याहून जास्त. ईसी जशी पाण्याच्या पटीत उतरते तसा पीएच पटीत बदलत नाही, त्यामुळे १:५ चा पीएच १:२.५ मध्ये बदलून देणारं एकच सूत्र सगळ्या मातींना लागू पडत नाही, कुणी दिलं तर घेऊ नका.

सीझनचाही संबंध इथेच येतो. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने क्षार वर आलेले असतात, खतांचेही उरलेले असतात, म्हणून पाण्यातला पीएच थोडा कमी दिसतो, आणि मोठ्या पावसाने क्षार धुवून गेले की त्याच रानाचा पीएच वाढलेला दिसतो. म्हणजे जमीन बिघडली असं नाही. दरवर्षी एकाच टप्प्यावर नमुना काढा, खत टाकायच्या आधी.

आता ज्याने खरं नुकसान होतं ते. ईसी ४ च्या वर गेली की जमीन खारट, हा जो आकडा सगळे सांगतात तो संतृप्त लगद्यातून काढलेल्या अर्काचा आहे, १:२.५ च्या ग्लासातला नाही. संतृप्त लगदा म्हणजे माती पाणी घालून इतकी कालवायची की वर चकाकी येते आणि भांडं कललं की जरा सरकते. हलक्या वाळूसर मातीला वजनाच्या ३० टक्के पाण्यातच ही अवस्था येते, भारी काळ्या चिकण मातीला ७० टक्के किंवा जास्त लागतं. १:२.५ मध्ये पाणी २५० टक्के, म्हणजे वाळूसर मातीत क्षार साधारण सव्वाआठ पट पातळ झाले आणि काळ्या मातीत साडेतीन पट. समजा दोन्हीकडे मीटरने ०.५ दाखवलं, तर काळ्या मातीत संतृप्त लगद्याच्या अर्काची ईसी १.८ च्या आसपास आणि वाळूसर मातीत ४ च्या वर! एकाच आकड्यावर एक रान बिनधास्त आणि दुसऱ्यात क्षार सहन न होणारं पीक मार खाणार. हा हिशोब ढोबळ आहे, जिप्सम असेल तर तो जास्तच दाखवेल, पण रिपोर्टवरचा ०.५ बघून "चांगलं आहे" म्हणण्यापेक्षा कितीतरी बरा.

घरी मीटर असेल तर एक प्रमाण ठरवा आणि सोडू नका, लॅबमध्ये देत असाल तर तिथलं प्रमाण विचारून तेच ठेवा. १:२.५ घेतलं तर माती सावलीत वाळवायची, लाकडी दांड्याने ढेकळं फोडायची, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची, मग २० ग्रॅम माती वजन करून आणि ५० मिली डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी वापरलं तर त्याचेच क्षार मोजाल. चमच्याने मापलं तरी गडबड, कारण हलकी भुसभुशीत माती आणि भारी माती एका चमच्यात सारखी बसत नाही. ओली माती तर नकोच, २० ग्रॅममध्ये ३.३ ग्रॅम ओल असेल तर खरी माती १६.७ ग्रॅम आणि पाणी ५३.३ झालं, म्हणजे १:२.५ समजून तुम्ही १:३.२ ची टेस्ट करताय.

अर्धा तास मधूनमधून ढवळा, मग थोडं स्थिर होऊ द्या आणि आधी ईसी घ्या, वरच्या निवळीत, गाळ न हलवता. पीएच नंतर, कारण पीएचच्या इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड थोडं थोडं झिरपतं आणि ते ईसीत मिसळतं. पीएचसाठी परत ढवळायचं, आणि ढवळून घेतला की निवळीत घेतला हे लिहून ठेवायचं कारण इलेक्ट्रोड गाळात आणि निवळीत वेगळं वाचतो. ईसी २५ अंशाला दुरुस्त होते का ते मीटरवर तपासा, नाहीतर दर अंशाला साधारण २ टक्के फरक पडतो. मीटरचं कॅलिब्रेशन त्याच दिवशी करायचं, ईसीसाठी १.४१३ चं द्रावण, पीएचसाठी ७ आणि तुमच्या मातीच्या बाजूचा एक बफर.

फक्त पीएचच्या तुलनेसाठी अजून एक रस्ता आहे, पाण्याऐवजी ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात १.४७ ग्रॅम डायहायड्रेट. यात क्षार मुळातच ठरलेले असतात म्हणून प्रमाणाचा आणि सीझनचा त्रास बराच कमी होतो, पण आकडा पाण्यापेक्षा बहुधा अर्धा ते एक युनिट कमी येतो आणि त्या ग्लासात ईसी अर्थातच मोजता येत नाही, त्यासाठी वेगळा ग्लास लागतो.

आणि एक सवय लावा, आपल्याच रानाची एक किलो माती वाळवून चाळून नीट मिसळून डब्यात ठेवा आणि दर वेळी नवीन नमुन्यांसोबत तिची पण टेस्ट करा. तिचा पीएच ०.२ ने किंवा ईसी १० टक्क्यांनी हलली तर नव्या नमुन्यांचे आकडे बाजूला ठेवा, आधी पाणी, वजनकाटा आणि मीटर बघा.