रात्री घशाशी आंबट येतं? डाव्या कुशीवर झोपायचं कसं, आणि उजवी कूस का त्रास देते

वडगावात माझ्या ताईचं घर आहे. दाजी पॉवरलूमवर दुसऱ्या पाळीला जातात. रात्री दहाला माग बंद होतो, साडेदहाला जेवण, अकराला अंथरूण. गेल्या पावसाळ्यात ते एकदा म्हणाले, "रात्री दोनच्या सुमाराला घशाशी आंबट येतंय बघ. उठून बसल्याशिवाय भागत नाही. पित्ताची गोळी घेतोय, तरी हेच. काय करू सांग की." मी त्यांना विचारलं, जाग येते तेव्हा तुम्ही कोणत्या कुशीवर असता? ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. चार रात्री लक्ष ठेवल्यावर त्यांनीच सांगितलं, की दरवेळी उजव्या.

जठर पोटात बरोबर मध्यावर नसतं. त्याचा मोठा, फुगीर भाग डावीकडे असतो आणि अन्ननलिका त्याला वरून, उजव्या बाजूने येऊन मिळते. चहाच्या गाड्यावरची किटली आठवा. तिची तोटी वरच्या अंगाला, एका बाजूला असते. किटली तोटीच्या बाजूला कलली की चहा तोटीतून बाहेर येतो. उलट बाजूला कलली तर चहा पोटातच साठून राहतो आणि तोटी वर, कोरडी राहते. उजव्या कुशीवर झोपणं म्हणजे किटली तोटीकडे कलवणं. अन्ननलिकेचं तोंड खाली जातं आणि जेवण व आम्ल त्याच्यावर येऊन साठतं. डाव्या कुशीवर सगळं फुगीर भागात उतरतं आणि तोंड त्या पातळीच्या वर राहतं.

त्या तोंडाशी स्नायूंची एक झडप असते. ती एरवी आवळलेली असते, पण मधूनमधून काही सेकंद आपोआप सैल पडते. ढेकर येते ती अशीच. ही सैल पडण्याची क्रिया निरोगी माणसातही होते आणि पोट भरलेलं असताना जास्त होते. झडप सैल पडली त्या क्षणी तिच्यापाशी हवा असेल तर नुसती ढेकर येते. तिथे आम्ल साठलेलं असेल तर आम्ल वर चढतं. उजव्या कुशीवर झोपल्यावर झडप जास्त वेळा सैल पडते, असंही अभ्यासांत दिसलं आहे.

दिवसा वर आलेलं आम्ल आपण नकळत गिळून खाली पाठवतो, आणि लाळ उरलेलं धुऊन काढते. गाढ झोपेत गिळणं जवळजवळ थांबतं आणि लाळही फार कमी होते. मग आम्ल खाली न्यायला उतार तेवढा उरतो. ॲमस्टरडॅममधल्या डॉक्टरांनी 2022 साली 57 जणांचं झोपेतलं हेच मोजमाप प्रसिद्ध केलं. आम्ल वर येण्याच्या वेळा तिन्ही स्थितींत फारशा वेगळ्या नव्हत्या, पण वर आलेलं आम्ल खाली जायला डाव्या कुशीवर साधारण 35 सेकंद लागत होते, पाठीवर 76 आणि उजव्या कुशीवर 90. म्हणजे डाव्या कुशीवर आम्ल वर येतच नाही असं नाही. ते आलं तरी लवकर परत जातं, अन्ननलिकेचं अस्तर कमी वेळ भाजतं आणि झोप मोडत नाही. हे आधीच माहीत असेल तर पहिल्याच रात्री थोडं आंबट आलं म्हणून माणूस उपाय सोडून देत नाही.

आता करायचं कसं.

सुरुवातीला एक आठवडा काहीच बदलू नका. उशाला वही ठेवा आणि जाग आली की दोनच गोष्टी लिहा: किती वाजले आणि आपण कोणत्या कुशीवर होतो. सकाळी तोंड आंबट होतं का, घसा खवखवत होता का, तेही एका शब्दात लिहा. दाजींच्या वहीत सात रात्रींपैकी पाच रात्री जाग होती, बहुतेक एक ते अडीचच्या दरम्यान, आणि पाचपैकी चार वेळा उजवी कूस.

मग पुढचा प्रश्न विचारा, ज्याकडे सहसा कोणी बघत नाही. तुम्ही उजव्याच कुशीला का वळता? बहुतेक माणसं भिंतीकडे पाठ आणि खोलीकडे तोंड करून झोपतात. दार दिसतं, वारा लागतो, लेकरू बाजूला असतं. दाजींचा पलंग दक्षिणेच्या भिंतीला लागून होता आणि डोकं पूर्वेला. खोली आणि दार उत्तरेला. अशा पलंगावर दाराकडे तोंड केलं की माणूस आपोआप उजव्या कुशीवर येतो. मनाने कितीही ठरवलं तरी झोपेत शरीर जुन्या सवयीला परत जातं, म्हणून मनाला बजावत बसण्यापेक्षा पलंगच बदलावा असं माझं ठाम मत आहे. आम्ही उशी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली. डोकं पश्चिमेला गेलं, आणि त्याच दाराकडे तोंड केलं की आता डावी कूस येते.

आपल्याकडे उत्तरेला डोकं करून कोणी झोपत नाही, घरातली वडीलधारी माणसं लगेच टोकतात. तुमचा पलंग दक्षिणोत्तर असेल आणि टोक बदलल्यावर डोकं उत्तरेला जात असेल, तर टोक तसंच ठेवा आणि पलंग समोरच्या भिंतीला सरकवा. परिणाम तोच होतो. खाली सतरंजीवर झोपत असाल तर काम आणखी सोपं आहे, अंथरूण फिरवायला कोणाची मदत लागत नाही.

झोपताना डावा खांदा थोडा पुढे घ्या, म्हणजे सगळं वजन सरळ खांद्यावर पडत नाही. डावा हात अंगाखाली दाबू नका, तोंडासमोर ठेवा. उशी खांद्याच्या रुंदीइतकी उंच हवी, म्हणजे मान पाठीच्या रेषेत राहते. गुडघ्यांमध्ये एक पातळ उशी किंवा घडी केलेली चादर ठेवली की कंबर वळत नाही. गुडघे पोटाशी घट्ट ओढू नका, पोटावरचा दाब वाढून आम्ल वर ढकललं जातं. लुंगीची गाठ किंवा पायजम्याची नाडी सैल करा. आणि पाठीमागे एक लोड लावा. मध्यरात्री पाठीवर किंवा उजवीकडे वळायला गेलात की तो आडवा येतो.

रात्रभर कोणीच एका कुशीवर राहत नाही आणि राहायची गरजही नाही. जेवणानंतरचे पहिले तीन-चार तास पोट भरलेलं असतं, आम्ल वर चढण्याचा धोका तेव्हाच सगळ्यात जास्त. तेवढा वेळ डावी कूस साधली तर बरंच काम झालं. पहाटे कूस बदललेली आढळली तर घाबरू नका.

याच्या जोडीला डोक्याकडची बाजू उंच करा. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा लावून पंधरा ते वीस सेंटिमीटर उंची घ्या. पलंगाचं टोक बदललं असेल तर विटाही नव्या उशाकडे हलवायच्या, हे दाजी पहिल्या रात्री विसरले आणि पाय उंच, डोकं खाली अशा उलट्या उतारावर झोपले. दोनच्या आधीच जाग आली. नुसत्या तीन-चार उशा एकावर एक ठेवून हा उतार मिळत नाही. त्याने मान आणि कंबर वाकते, पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. खाली झोपणाऱ्यांनी गादीखाली एक रुंद फळी तिरकी बसवावी, ती कमरेपर्यंत पोचेल इतकी लांब हवी.

जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा असं सगळे सांगतात. पाळीवर काम करणाऱ्याला ते कसं जमणार? आम्ही वेळ बदलता येईना म्हणून जेवणाची वाटणी बदलली. भाकरी, भाजी, शेंगदाण्याची चटणी असा भरला डबा दाजी आता साडेसातच्या सुट्टीत मागावरच खातात. घरी आल्यावर वाटीभर मऊ भात, तोही तिखटाशिवाय. जेवणानंतर तंबाखूचा विडा होता, निपाणी-चिकोडीकडच्या अनेकांचा असतो. तंबाखूने झडप सैल पडते, तेव्हा निदान रात्रीचा तरी बंद केला. पित्ताची गोळी ते झोपताना घेत होते. पँटोप्राझोलसारखी गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायची असते, हे त्यांना औषधाच्या दुकानदाराने नंतर समजावलं.

तिसऱ्या आठवड्यात वहीत सातपैकी दोन रात्री जाग होती. त्यातली एक खानापूरच्या लग्नातली. रात्री अकराला मटण-रस्सा, आणि झोपायला हॉलमध्ये सतरंजी, पाठीमागे लोड नाही. जाग आली तेव्हा ते उजव्या कुशीवर होते.

एक शब्द सांगावासा वाटतो. आपण दुपारच्या झोपेला वामकुक्षी म्हणतो. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. जुन्या माणसांनी कूस नावातच सांगून ठेवली आहे, पण भरल्या पोटी आडवं झाल्याने जळजळ होणाऱ्याने दुपारीही जेवणावर लगेच लवंडू नये.

हा उपाय सगळ्यांसाठी नाही. हृदय कमकुवत असलेल्या काहींना डाव्या कुशीवर धाप लागते किंवा धडधडतं, त्यांनी जोर करू नये, उशाकडचा उतार तेवढा ठेवावा आणि डॉक्टरांना विचारावं. डावा खांदा आखडलेला असेल तर पाठीमागे लोड घेऊन डावीकडे अर्धवट कललेली स्थितीही चालते. रक्तदाबाच्या किंवा छातीदुखीच्या काही गोळ्यांनी झडप सैल पडते, पण त्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि अगदी क्वचित कोणाचे अवयव जन्मतःच उलट्या बाजूला असतात, त्यांच्यासाठी उजवी कूस हीच डावी.

तीन आठवडे नीट करूनही वहीत फरक दिसला नाही, तर कुशीचा प्रश्न नाही असं समजून डॉक्टरांना वही दाखवा. घास अडकणं, वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच किंवा उलटीत रक्त असेल तर तीन आठवडेही थांबू नका. छातीतली जळजळ चालताना वाढत असेल, हात किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर ते पित्त मानून कूस बदलत बसायचं नाही. रात्र कितीही झालेली असो, लगेच रुग्णालय गाठून आधी ईसीजी काढून घ्यायचा.