पॅक चालू, तरी खरेदी का अडते?

विरार लोकलमध्ये बसून गेममधली ८९ रुपयांची वस्तू मोबाइल बिलिंगने घेताना ‘शिल्लक अपुरी’ असं आलं, तर आधी मुख्य बॅलन्स बघा. २८ दिवसांचा पॅक, रोजचा डेटा, फुकट कॉल यांतून हे पैसे कापले जात नाहीत. ते कापले जातात फक्त मुख्य बॅलन्समधून, म्हणजे टॉकटाइममधून, आणि पॅकवाल्यांचा टॉकटाइम बहुधा शून्य असतो.

इथे फसगत होते ती टॉप-अपच्या रकमेची. १०० रुपयांच्या टॉप-अपवर हातात साधारण ८१.७५ रुपयेच पडतात, कारण कर आणि प्रक्रिया शुल्क आधीच वजा होतं. म्हणजे ८९ रुपयांना ७.२५ कमी पडतात. त्यावर १० चा टॉप-अप केला की ७.४७ मिळतात आणि काम होतं. यूपीआय असेल तर मात्र हा उपद्व्याप कशाला? यूपीआयच स्वस्त पडतं.

पोस्टपेडवर रक्कम पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत दिसते. मोबाइल बिलिंगचा पर्यायच दिसत नसेल तर वायफाय बंद करून त्याच सिमचा डेटा चालू करा, कारण कंपनी तुमचा नंबर बहुधा तिच्या नेटवर्कवरूनच ओळखते. न मागितलेली सेवा सुरू होऊन पैसे कापले गेले, तर १५५२२३ वर फोन करून ती लगेच बंद करा.