आठवणीवर किती विश्वास ठेवायचा? ऑटोएथ्नोग्राफी लिहिणाऱ्यांसाठी

ऑटोएथ्नोग्राफीत संशोधकाचा स्वतःचा अनुभव हाच डेटा असतो, हे खरं. पण अनुभव गाठीशी आहे म्हणून डेटा तयार आहे असं होत नाही. प्रबंधाला बसलेले बरेच जण थेट आठवणी लिहायला घेतात आणि दोन प्रकरणं झाल्यावर गाईड विचारतात, "यात आणि आत्मचरित्रात फरक काय?"

माझा विषय होता नोकरीत असताना हळूहळू ऐकू कमी येत जाणं. साहित्य मी पहिल्यापासून तीन ठिकाणी वेगळं ठेवलं: आठवणी, त्या काळातले कागद आणि संशोधन सुरू झाल्यानंतरच्या नोंदी. प्रत्येक आठवणीवर दोन तारखा टाकायचे, एक घटनेची आणि एक लिहिल्याची. वरवर कारकुनी वाटते, पण या दुसऱ्या तारखेचा पुढे फार उपयोग झाला.

एकच उदाहरण नीट सांगते. एका आठवणीत मी लिहिलं होतं, "बैठकांमध्ये मला कुणी विचारातच घ्यायचं नाही." मग त्यातल्याच एका बैठकीचं इतिवृत्त काढलं. त्यात एका ठरावाला संमती देणाऱ्यांमध्ये माझं नाव होतं. त्याच संध्याकाळी बहिणीला मी मेसेज केला होता: "आजही काही कळलं नाही, मान डोलावून आले." त्या सुमाराच्या ऑडिओग्राममध्ये वरच्या पट्टीतलं ऐकणं घसरलेलं दिसत होतं. अशा वेळी स्वर ऐकू येतात, पण स, फ यांसारखी व्यंजनं निसटतात; आवाज पोचतो, शब्द पोचत नाही.

इथे आठवण खोटी ठरवून खोडून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. आठवण आणि कागद जुळत नाहीत, तिथेच विश्लेषणाला जागा असते. मी दोन प्रश्न घेतले. पहिला: मान डोलावल्याने नेमकं काय साधत होतं? अर्विंग गॉफमन यांनी 1963 साली कलंकावरच्या पुस्तकात, लपवता येण्याजोगं वैगुण्य असलेली माणसं 'तसं काही नाही' असं भासवत कशी वावरतात, ते मांडलं आहे. माझं मान डोलावणं त्यातच बसत होतं. बैठक अडत नव्हती आणि माझं ऐकणं कुणाच्या लक्षात येत नव्हतं. दुसरा प्रश्न: मग 'विचारात घेत नव्हते' असंच मला का आठवलं? इथे ती दुसरी तारीख कामाला आली. ती ओळ मी श्रवणयंत्र लावल्यावर, ऐकू कमी येणाऱ्यांच्या एका गटात जायला लागल्यावर लिहिली होती. वगळलं जाण्याची भाषा मला तिथे मिळाली होती, आणि जुना प्रसंग मी त्या भाषेत आठवत होते.

रिफ्लेक्झिव्ह लिहिणं म्हणतात ते हे. नवखे लोक त्याऐवजी "मला फार अपराधी वाटलं" असं लिहितात. तो कबुलीजबाब झाला. मी कुठे उभी होते म्हणून मला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे त्यातून वाचकाला कळत नाही. ओळखायची सोपी खूण सांगते. 'मी'चं ते वाक्य काढून पाहा. निष्कर्ष जसाच्या तसा उभा राहिला, तर ते वाक्य भावना सांगत होतं, विश्लेषण करत नव्हतं.

लिऑन अँडरसन यांनी 2006 साली विश्लेषणात्मक ऑटोएथ्नोग्राफीची जी लक्षणं सांगितली, त्यात स्वतःपलीकडच्या माणसांशी संवाद हेही एक आहे. (याउलट कॅरोलिन एलिस यांच्या वाटेने जाणारे कथनावर, भावना जागवणाऱ्या लेखनावर भर देतात. आपली वाट कोणती, ते पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलेलं बरं.) मी ऐकू कमी येणाऱ्या इतरांशी बोलले. एकजण म्हणाले, "मी कधीच मान डोलावत नाही. मी बोलतच राहतो, म्हणजे ऐकायची पाळी येत नाही." या एका उत्तराने माझी मांडणी बदलली. गप्प राहून मान डोलावणं आणि अखंड बोलणं, दोन्ही संभाषणातली ऐकण्याची पाळी टाळायच्या युक्त्या निघाल्या. एकट्या माझ्या डायरीतून हे मला सुचलं नसतं. अर्थात किती जण असं करतात, हे या पद्धतीने सांगता येत नाही. तोंडी परीक्षेत तो प्रश्न आला तर सरळ तसं सांगावं.

राहिला संमतीचा प्रश्न. प्रबंधावर माझं नाव असताना 'माझी बहीण' हे टोपणनावाने लपत नाही. मार्टिन टॉलिच यांनी 2010 साली बजावलं आहे की ज्यांचा उल्लेख आहे ते सगळे एक दिवस हे वाचतील असं धरूनच लिहावं, आणि संमती लिहून झाल्यावर मागू नये. कारण लिहून झालेलं प्रकरण घरच्यांपुढे ठेवलं की त्यांना नाही म्हणणं अवघड जातं. मी तिला आधी विचारलं. माझा मेसेज छापायला तिची हरकत नव्हती. तिचं उत्तर मात्र तिने नको म्हटलं, म्हणून ते प्रबंधात नाही आणि त्यावर उभा असलेला परिच्छेदही मी काढला.