पर्यटकांच्या खोलीचे फोटो: कोणता वर, कोणता खाली

ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळच्या गावांत घराची एखादी खोली पर्यटकांना भाड्याने देतात. जाहिरातीसाठी त्या खोलीचे फोटो लावायचं काम नव्याने हाती घेणाऱ्याची पहिली चूक ठरलेली असते. जो फोटो सर्वांत मोठा आणि उजळ दिसतो, तो तो वर टाकतो. पाहुणा दारात उभा राहतो, खोली फोटोतल्यापेक्षा लहान निघते, आणि तिथूनच कुरबुर सुरू होते. म्हणून आधी खरेपणाची चाळणी लावायची आणि सुंदर कोणता हे त्यानंतर ठरवायचं. हा क्रम उलटा केला, की आवडलेला फोटो काढून टाकायला हात धजत नाही.

समजा खोली 10 बाय 12 फुटांची आहे. दार पूर्वेला, खिडकी उत्तरेला आणि तिच्यात कूलर. वर टिन. सहा फोटो हाती आले आहेत. 'अ' दाराच्या उंबऱ्यावरून छातीच्या उंचीवर मोबाईल धरून काढलेला, 'आ' आतल्या कोपऱ्यातून 0.5x वर, 'इ' हिवाळ्यात कूलर काढून ठेवला होता तेव्हाचा खिडकीचा. 'ई' खिडकीजवळून दाराकडे बघणारा, त्यात ओसरी आणि अंगणातला कडुनिंब येतो. 'उ' नुसत्या पलंगाचा, नवी चादर घातलेला. 'ऊ' न्हाणीघर आणि संडास यांचा.

'आ' मध्ये खोली हॉलसारखी दिसते. कारण 0.5x ची भिंग फार रुंद बघते, आणि चौकटीच्या कडेला आलेली वस्तू बाहेरच्या बाजूला ताणली जाते. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे कडेला आलेली गोल वस्तू. तिथला माठ किंवा भिंतीवरचं घड्याळ अंड्यासारखं दिसत असेल, तर त्याच कडेचा सहा फुटी पलंगही आठ फुटांचा दिसतोय असं समजा. उलट 1x वर एवढ्या खोलीत दोन भिंती पुरत्या मावत नाहीत. मोबाईलमध्ये 0.7x मिळत असेल तर ते बरं पडतं, कारण कडेचा सर्वांत ताणलेला भाग त्यात कापला जातो. 'अ' तसाच काढलेला आहे. तरी शंका असेल तर ज्याने खोली पाहिलेली नाही अशा दोघा-तिघांना फोटो दाखवून विचारा, खोली किती फूट लांब वाटते? बाराच्या जागी सगळे पंधरा-सोळा म्हणाले, की फोटो बाद.

'इ' मध्ये खोटं काही नाही, पण उन्हाळ्यात तो फसवतो. एप्रिल-मेमध्ये कूलर खिडकीत बसला, की तो उजेड आणि ते दृश्य दोन्ही जातात. उन्हाळ्याच्या बुकिंगसाठी तो काढून ठेवायचा. छताचंही तसंच आहे. चंद्रपूरकडच्या मे महिन्यात टिनाखाली झोपणं आणि स्लॅबखाली झोपणं यांत फार फरक पडतो, म्हणून निदान एका फोटोत छत दिसलंच पाहिजे. 'अ' मध्ये ते दिसतं. टिन मुद्दाम कापून काढलेला फोटो कितीही देखणा असो, तो पहिला नको.

उरले चार. चारही एकदम समोर मांडून क्रम लावायला गेलात तर डोळा सारखा रंगीत चादरीकडेच जातो. दोन-दोन फोटो घ्या. चार फोटोंच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीला प्रश्न एकच: कोणता पाहून यावंसं वाटेल आणि आल्यावर 'हो, हीच ती खोली' असं म्हणता येईल? 'अ' तिन्ही जोड्या जिंकतो. 'ई' दोन जिंकतो, कारण दार उघडलं की अंगण लागतं हे त्यातूनच कळतं. 'उ' आणि 'ऊ' यांच्यात नवखा माणूस 'उ' निवडतो. आमच्या मते इथे 'ऊ' वर हवा. तशी चादर कुठल्याही पलंगावर घालता येते, तिच्यावरून खोलीचं काहीच कळत नाही. कोरडी फरशी आणि नळ दिसणारं न्हाणीघर मात्र कुटुंबासह येणाऱ्याला निर्णय घ्यायला मदत करतं.

जोड्या लावताना कधी गोल फिरतं: पहिला दुसऱ्यापेक्षा बरा, दुसरा तिसऱ्यापेक्षा, आणि तिसरा पहिल्यापेक्षा. असं झालं, की एका जोडीत तुम्ही उजेड बघितला आणि दुसऱ्या जोडीत सजावट. प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा आणि त्या तीन जोड्या दुसऱ्या दिवशी, डावी-उजवी बाजू बदलून, पुन्हा पाहा.

'अ' पहिला ठरला, तरी तो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा, कारण यादीत तो तेवढाच दिसतो. सकाळी पूर्वेच्या दारातून थेट ऊन आत आलं असेल तर फरशीवर पांढरा पट्टा उमटतो, बाकी खोली काळी पडते, आणि लहान आकारात तर काहीच कळत नाही. तसं झालं असेल तर ऊन दारातून सरल्यावर, साधारण अकरानंतर, ट्यूबलाइट बंद ठेवून तोच फोटो त्याच जागेवरून पुन्हा काढा आणि जुन्याच्या जागी लावा.