पाककृतीच्या भाषांतरात मसाल्यांची नावे: कलौंजी, कारळे, ओवा आणि हिंग

पाककृतींचे भाषांतर नव्याने करणाऱ्यांना वाटते की परतणे, भाजणे, वाफवणे या क्रियापदांतच सगळी मेहनत आहे. प्रत्यक्षात संपादकाकडून मजकूर परत येतो तो बहुतेक वेळा मसाल्याच्या नावावरून. जिरे, मोहरी, हळद, धने यांत फारसे काही अडत नाही. अडते ते काळ्या बियांत, आणि सर्वांत जास्त कलौंजीत.

इंग्रजीत कलौंजीला नायजेला सीड्स म्हणतात. पण जुन्या ब्रिटिश पाककृतींत आणि तिथल्या पाकिटांवर तीच गोष्ट अनियन सीड्स या नावाने येते. कांद्याचे बी आणि कलौंजी दिसायला सारखे, म्हणून हे नाव चिकटले; दोन्ही वनस्पतींचा एकमेकींशी काही संबंध नाही. नानच्या पाककृतीत ‘एक टीस्पून अनियन सीड्स’ असेल तर मराठीत कलौंजीच लिहायचे. ‘कांद्याचे बी’ लिहिले तर वाचक बियाण्यांच्या दुकानात जाईल, आणि पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असू शकते. ते पोटात जाता कामा नये.

ब्लॅक क्युमिन हे नाव याहून अवघड, कारण ते दोन वेगवेगळ्या मसाल्यांना वापरतात: कधी कलौंजीला, कधी शहाजिऱ्याला. हिंदीत काला जीरा म्हटले की बहुधा शहाजिरे समजायचे, पण बंगालीत कालोजिरे म्हणजे कलौंजी. त्यामुळे मूळ लेखक कुठला आहे हे आधी पाहायचे आणि मग पदार्थ पाहायचा. बिर्याणी किंवा गरम मसाला असेल तर शहाजिरे. नान, लोणचे, बंगाली माशाचा रस्सा किंवा पाँचफोडन असेल तर कलौंजी. मराठीतले कडू जिरे हे तिसरेच, औषधी आणि जहाल कडू. ते यांपैकी कशाच्याही जागी चालत नाही.

आता उलट, मराठीतून इंग्रजीत जाणारे, मराठी माणसाच्या घरातले उदाहरण घेऊ. कारळ्याच्या चटणीची पाककृती अशी असते: एक वाटी कारळे, पाव वाटी सुके खोबरे, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चवीपुरते मीठ. कारळे म्हणजे काही भागांत खुरासणी, हिंदीत रामतिल, इंग्रजीत नायजर सीड्स. नायजर आणि नायजेला ही नावे इतकी जवळची की घाईत एकाच्या जागी दुसरे पडते. पडले तर काय होते ते पाहा: कारळे हे तेलबी आहे, भाजले की खमंग लागते आणि वाटीभर खाता येते. कलौंजी हा चिमटीने किंवा चमच्याने घालायचा मसाला आहे. वाटीभर कलौंजीची चटणी कडवट होते, तोंडात धरवत नाही.

दोन्ही बिया तळहातावर घेऊन पाहिल्या की घोळ राहत नाही. कारळे लांबट, बारीक आणि चकचकीत काळे असते. सूर्यफुलाच्या बीची अगदी छोटी आवृत्ती म्हणा. कलौंजी आखूड, कोनदार, खरखरीत आणि बिनचमकेची. बोटांत चुरडली तर तिला ओरेगॅनो आणि मिरीच्या मधला वास येतो. शहाजिरे मात्र खरोखर जिऱ्यासारखेच, पण जास्त बारीक, गडद आणि किंचित वाकलेले.

नायजर सीड्स हा बरोबर शब्द लिहूनही एक अडचण उरते. अमेरिकेत या नावाने मुख्यतः पक्ष्यांचे खाद्य विकले जाते. परदेशातून येणारे हे बी तण होऊन पसरू नये म्हणून तिथे ते उष्णता देऊन आणले जाते, पण पक्ष्यांसाठी भरलेले पोते माणसाच्या खाण्यासाठी स्वच्छ केलेले नसते. म्हणून साहित्याच्या ओळीत ‘खाण्याचे नायजर सीड्स, भारतीय किराणा दुकानात कारळे, खुरासणी किंवा रामतिल या नावाने मागावे’ अशी भर घालायची. टीप तळाला ढकलू नका, कारण वाचक खरेदीची यादी साहित्यावरूनच करतो.

याच पाककृतीत वाटीचा प्रश्नही आहे. अमेरिकन कप सुमारे 240 मिलिलिटरचा. आपली आमटीची वाटी साधारण 150 च्या आसपास, आणि घरोघरी वेगळी. कारळे आणि खोबरे दोन्ही वाटीने मोजले असल्यामुळे कप लिहिला तरी त्यांचे आपसातले प्रमाण टिकते, पण तिखट चमच्याने आहे, ते वाढत नाही. चटणी फिकी पडते. त्यात तो चमचा चहाचा की पोह्याचा हेही लेखकाला विचारावे लागते. सरळ मार्ग म्हणजे वाटीभर कारळे वजनकाट्यावर ठेवायचे आणि ग्रॅम लिहायचे.

ओव्याचे काम त्यामानाने सोपे. कॅरम सीड्स किंवा अजवाईन लिहावे. परदेशातल्या भारतीय दुकानांत दोन्ही नावे चालतात. शब्दकोशात बिशप्स वीड मिळेल, ते टाळा, कारण त्या नावाने आणखी दोन-तीन वनस्पती ओळखल्या जातात. सेलरी सीड्सही नकोत. त्या दिसतात ओव्यासारख्या, पण चव वेगळी. दोन जागी मात्र थांबायलाच हवे. पानाच्या ओव्याची भजी असतील तर ती जाड, लवदार पाने ओव्याच्या झाडाची नसतातच. इंग्रजीत त्यांना इंडियन बोरेज किंवा क्यूबन ओरेगॅनो म्हणतात. आणि जुन्या वहीत खुरासानी ओवा असे आले तर तो ओवा समजूच नका. ते हेनबेन, विषारी बी आहे. वैद्यकात वापरतात, स्वयंपाकात नाही. लेखकाला विचारल्याशिवाय ती ओळ पुढे जाऊ देऊ नये.

हिंगाचे इंग्रजी नाव ॲसाफेटिडा, ते चुकत नाही: ब्रिटिश आणि अमेरिकन वर्णलेखनात एका अक्षराचा फरक, तेवढा प्रकाशकाच्या पद्धतीने ठेवायचा. चुकतो तो हिंगाचा प्रकार. डबीतल्या बांधणीच्या हिंगात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. शुद्ध खडा हिंग कितीतरी तीव्र. ‘पाव चमचा हिंग’ म्हणजे जवळपास नेहमीच डबीतली पूड, म्हणून इंग्रजीत पावडर हा शब्द जोडायचा. नाही तर कोणी खडा कुटून तेवढाच घालेल आणि आमटी फेकावी लागेल. पाककृती ग्लूटेनविरहित म्हणून छापली जाणार असेल तर ‘गव्हाचे पीठ नसलेला हिंग’ असे स्पष्ट लिहायला हवे. वाचकाला हिंग मिळणार नाही या काळजीने ‘किंवा लसूण पावडर’ असा पर्याय पुष्कळ भाषांतरांत दिसतो. जैन स्वयंपाकात आणि कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या नैवेद्याच्या पदार्थांत हिंग वापरतात तो लसूण चालत नाही म्हणून. तिथे पर्याय द्यायचाच असेल तर एकच: हिंग वगळा.

स्वतःचा शब्दसंग्रह करताना दोनच रकाने ठेवले तर हे सगळे त्यात मावत नाही. मूळ नाव, लेखकाचा प्रदेश, वनस्पतीचे शास्त्रीय नाव, इंग्लंड आणि अमेरिकेतली पाकिटावरची नावे, आणि शेवटी ‘कशाशी गल्लत होते’ असे रकाने करा. कलौंजीपुढे नायजेला सटायव्हा आणि कारळ्यापुढे ग्विझोशिया ॲबिसिनिका लिहिलेले असले की संपादकाच्या शंकेला एका ओळीत उत्तर देता येते.