प्रोजेक्टरवर बारीक पार्ट ठेवण्याआधी

हिंगणा एमआयडीसीतल्या टर्निंग शॉपमध्ये प्रोफाइल प्रोजेक्टरवर बहुतेक पिना, बुश, छोटे शाफ्ट असंच काम येतं. तयारीला लागण्याआधी एकच ठरवा: माप पडद्यावर घेणार की टेबल सरकवून? पडद्यावर ओव्हरले चार्ट लावणार असाल, तर लेन्सच्या मॅग्निफिकेशनमधली चूक थेट मापात येते. क्रॉसवायरवर एक कड आणून टेबल किती सरकलं ते दाखवणारा डीआरओ शून्य केला आणि टेबल सरकवून दुसरी कड त्याच रेघेवर आणली, तर मॅग्निफिकेशनचा संबंध उरत नाही. कड खरी कुठे आहे, हे मात्र दोन्ही पद्धतींत प्रकाशच ठरवतो. म्हणून मॅग्निफिकेशन आणि प्रकाश या दोन तपासण्या वेगवेगळ्या करा. एक बरोबर निघाली म्हणून दुसरी सोडू नका.

दिवा लावून मशीन थोडं तापू द्या. नागपूरच्या मे महिन्यात कूलर लागतोच, पण त्याचा झोत मशीनकडे नको. ओलसर हवेनं लेन्सवर बुरशी धरते. मॅग्निफिकेशन तपासायची काचेची स्केल मऊ, कोरड्या कापडानं पुसून मशीनजवळच ठेवा, म्हणजे दोन्ही एकाच तापमानाला येतील. खोली वीस अंशांवर नाही म्हणून या तपासणीपुरती चिंता नको. दहा मिलिमीटरची काच दहा अंशांनी तापली तरी एका मायक्रॉनच्या आतच वाढते.

मग लेन्स घट्ट बसली आहे ना, तिच्या बैठकीत चिप्स किंवा धूळ नाही ना, ते बघा. कंडेन्सर त्याच लेन्सचा हवा. स्केल टेबलावर ठेवताना रेघांची बाजू लेन्सकडे ठेवा आणि रेघा पडद्यावर काळ्याकुट्ट, रेखीव दिसेपर्यंत फोकस करा. पडद्यावर लावायच्या मोठ्या स्केलच्या रेघा मात्र पडद्याच्या काचेला टेकलेल्या असाव्यात, नाहीतर डोकं हललं की माप हलतं. रेघेच्या मधोमध अंदाज घेत बसू नका. पहिल्या रेघेच्या डाव्या कडेपासून शेवटच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे रेघेची जाडी हिशोबातून जाते. आडवं एकदा आणि स्केल फिरवून उभं एकदा मोजा.

उदाहरण घ्या. २० पट लेन्सवर १० मिलिमीटर अंतर पडद्यावर २०० मिलिमीटर दिसायला हवं. समजा ते २००.३ दिसलं. जास्तीचे ०.३ भागिले २०० म्हणजे ०.१५ टक्का चूक. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत मागून सावली पाडणाऱ्या कंटूर प्रकाशासाठी ±०.१ टक्का मर्यादा दिलेली असते, म्हणजे ही लेन्स बाहेर गेली. आता ३ मिलिमीटर व्यासाची पिन, टॉलरन्स ±०.०१. चार्टवर ती ६० ऐवजी ६०.०९ दिसेल, म्हणजे पिन साडेचार मायक्रॉन जाड वाटेल आणि एका बाजूची जवळजवळ अर्धी टॉलरन्स मशीननंच खाल्ली असेल. लेन्स काढून, बैठक पुसून परत बसवा आणि पुन्हा मोजा. तरीही तेच आलं, तर सर्व्हिसवाला येईपर्यंत ही पिन चार्टवर पास करू नका, डीआरओवर मोजा.

आता प्रकाश, आणि गोल पार्टात खरी गोम इथेच आहे. कंटूर प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारी आयरिस जास्त उघडी असेल, तर तिरपे किरण पिनेच्या गोल अंगावरून परावर्तित होऊन सावलीत शिरतात. कड धूसर होते आणि पिन बारीक दिसते. आयरिस फारच बंद केली, तर कडेला समांतर बारीक पट्टे उमटतात आणि नेमकी कड कोणती ते कळत नाही. दिवा फार प्रखर असला तरीही काळी सावली आत सरकल्यासारखी दिसते.

पुस्तिकेतला आयरिसचा आकडा सुरुवातीला घ्या, पण शेवटचा शब्द पिन गेजचा. आपल्या पार्टाच्या व्यासाची, तशाच चकाकीची, सर्टिफिकेट असलेली गेज त्याच ठिकाणी ठेवा आणि डीआरओवर मोजा. ३.००० ची गेज २.९९४ दाखवत असेल, तर टेबलाचा डीआरओ आधी काचेच्याच स्केलवर पडताळून घ्या. तो बरोबर असेल, तर आयरिस थोडी थोडी बंद करत पुन्हा मोजा. माप जुळलं की आयरिसचा आकडा आणि दिव्याची पातळी त्या पार्टाच्या शीटवर लिहा. दुसऱ्या पाळीतल्या माणसानंही तीच लावायची.

समोरून पार्टावर पडणारा सरफेस प्रकाश आंधळं भोक, खाच, पायरी असल्या सावलीत न दिसणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवा. तिथे कड चॅम्फर आणि फिनिशप्रमाणे सरकते, त्यामुळे घट्ट टॉलरन्सचा व्यास त्यावर मोजू नये.

पार्टावरचं तेल आणि बर सगळ्यात शेवटी, अगदी टेबलावर ठेवताना साफ करा. तेलाचा थेंब कडेला गोलसर, गुळगुळीत फुगवटा दाखवतो. बर टोकदार दिसते आणि पिन फिरवली की जागा बदलते.